गोट्यांचा संगणक

गोट्यांचा संगणक : उतरत्या फळीवर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवरून गोट्या घरंगळत आणून मोजणी, बेरीज किंवा तर्काची कोडी सोडवणारे यांत्रिक खेळणे. याला वीज, बॅटरी, पडदा यांपैकी काहीच लागत नाही. संगणकाशिवाय कोडिंगची ओळख करून देणाऱ्या खेळण्यांत साधारण दहा वर्षांच्या नवशिक्यासाठी हा प्रकार विशेष सोयीचा ठरतो. बाण काढलेले पत्ते मांडून कासवाला किंवा रोबोला पटावर फिरवायचे खेळ या वयाच्या मुलांना लवकर पोरकट वाटू लागतात. गोट्यांच्या फळीवर मात्र पहिली दहा-बारा कोडी झरझर सुटतात आणि मग घरातली मोठी माणसेही फळीभोवती गोळा होतात.

या खेळण्याचे मूळ अमेरिकेत आहे. तिथल्या ई.एस.आर. या कंपनीने १९६३ मध्ये ‘डिजि-कॉम्प १’ हे हाताने दांडी सरकवून चालवायचे तीन बिटांचे, म्हणजे ० किंवा १ दाखवणाऱ्या तीन जागांचे, यंत्र बाजारात आणले. त्याच दशकात जॉन गॉडफ्रे यांनी रचलेले ‘डिजि-कॉम्प २’ आणि ‘डॉक्टर निम’ आले. या दोन्हींत गोट्या होत्या. पहिले मोजणी, बेरीज आणि गुणाकार करी, तर दुसरे माणसाविरुद्ध निम हा पाळीपाळीने वस्तू उचलण्याचा खेळ खेळे. दोन्हींची रचना मुख्यतः ठरलेली होती, खेळणाऱ्याने फक्त खटके लावायचे. मिनेसोटा विद्यापीठात काम केलेले रसायनशास्त्रज्ञ पॉल बॉसवेल यांनी या जुन्या यंत्रांवरून प्रेरणा घेतली आणि पत्नी ॲलिसा यांच्यासह ‘ट्युरिंग टंबल’ तयार केले. त्यासाठीचे पैसे २०१७ मध्ये लोकवर्गणीतून उभे राहिले. यातला मोठा बदल असा की फळी रिकामी मिळते आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे असते. सोबतच्या पुस्तिकेत चित्रकथेच्या ओघात ६० कोडी आहेत. पुढचे वर्णन याच खेळण्याचे आहे.

फळीच्या वरच्या टोकाला डावीकडे निळ्या आणि उजवीकडे लाल गोट्या भरतात. खाली दोन पट्ट्या असतात. गोटी डाव्या पट्टीवर पडली की वरून एक निळी गोटी सुटते, उजव्या पट्टीवर पडली की लाल. म्हणजे प्रत्येक गोटी खाली पोहोचताना पुढची गोटी कोणत्या रंगाची हे ठरवते. पहिली गोटी तेवढी बोटाने पट्टी दाबून सोडायची. नंतर हात लावायचा नाही. ही अट महत्त्वाची आहे, कारण मधेच बोट घालण्याचा मोह प्रत्येक मुलाला होतो.

मधल्या जागेत बसवायचे तुकडे सहाच प्रकारचे आहेत. रॅम्प गोटीला ठरलेल्या एका बाजूला ढकलतो. क्रॉसओव्हरमुळे दोन वाटा एकमेकींना छेदून जाऊ शकतात. इंटरसेप्टर गोटीला अडवून यंत्र थांबवतो. चौथा तुकडा बिट, आणि खेळाचा सगळा जीव त्याच्यात आहे. रेल्वेच्या सांध्यासारखा तो गोटीला एका बाजूला वळवतो. पण गोटी जाता जाता तिच्याच वजनाने सांधा बदलतो, त्यामुळे पुढची गोटी दुसऱ्या बाजूला जाते. बिटचे टोक डावीकडे असेल तर ०, उजवीकडे असेल तर १ असे वाचतात. उरलेले दोन तुकडे गिअर आणि गिअर बिट. गिअरने जोडलेल्या बिटांपैकी एक फिरला की सगळे एकदम फिरतात, म्हणून एका वाटेने गेलेली गोटी दूरच्या दुसऱ्या वाटेचा सांधा बदलू शकते.

मोजणीसाठी तीन बिट एकाखाली एक बसवतात आणि तिन्ही ० वर ठेवतात. वाटा अशा जोडायच्या की ० वर असलेल्या बिटवर आलेली गोटी त्याला १ करून बाजूने निघून जाईल, आणि १ वर असलेल्या बिटवर आलेली गोटी त्याला ० करून खालच्या बिटवर पडेल. सगळ्यात वरचा बिट एककाचा धरायचा आणि आकडा खालून वर वाचायचा. पहिल्या गोटीने ००१ होते. दुसरी गोटी वरच्या बिटला पुन्हा ० करते, खाली उतरते आणि मधल्याला १ करते, झाले ०१०. तिसरीने ०११. चौथी वरच्या दोघांना ० करत तिसऱ्यापर्यंत पोहोचते आणि १०० दिसते. हातचा पुढे जातो तो असा, डोळ्यांदेखत. सातव्या गोटीला तिन्ही बिट १ असतात. आठवी सगळ्यांना ० करून तळातून निघून जाते, कारण तीन बिटांत सातच्या पुढचा आकडा मावत नाही.

मोजणीपेक्षाही शिकवणारे कोडे रंगांच्या क्रमाचे असते. समजा, खाली निळी, निळी, लाल, लाल असा क्रम पुन्हा पुन्हा यायला हवा. बहुतेक मुले आधी दोन्ही वाटा एका बिटवर आणतात, कारण ‘एकदा इकडे, एकदा तिकडे’ हे काम बिट करतो एवढे त्यांना कळलेले असते. पहिली निळी गोटी डावीकडे जाऊन निळी सोडते, ती उजवीकडे जाऊन लाल सोडते, इथवर सगळे बरोबर. पण तिसऱ्या खेपेला सांधा पुन्हा डावीकडे असतो, त्यामुळे लाल गोटी निळी सोडते आणि क्रम होतो निळी, निळी, लाल, निळी, लाल, निळी. यंत्र बिघडलेले नाही. त्याला जे सांगितले तेच ते करत आहे.

इथे वहीत तक्ता मांडावा. कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकणारे ज्याला ड्राय रन म्हणतात तोच हा. एका रकान्यात आलेल्या गोटीचा रंग, दुसऱ्यात तिने कोणती पट्टी दाबायला हवी ते लिहायचे. पहिली निळी, डावी पट्टी. दुसरी निळी, उजवी. तिसरी लाल, उजवी. चौथी लाल, डावी. सलग वाचले तर डावी, उजवी, उजवी, डावी असे येते आणि एका बिटला ते जमणार नाही हे दिसते. पण फक्त निळ्या गोट्यांच्या ओळी वाचल्या तर डावी, उजवी. फक्त लालच्या वाचल्या तर उजवी, डावी. म्हणजे निळ्या वाटेवर एक आणि लाल वाटेवर एक असे दोन बिट हवेत. जिथे निळ्याची उजवी वाट लालच्या डाव्या वाटेला छेदते तिथे क्रॉसओव्हर घातला की काम झाले.

तरीही एक खोड उरू शकते. लाल वाटेवरचा बिट सुरुवातीलाच उजवीकडे पाठवणारा हवा. चुकून उलटा ठेवला तर क्रम येतो निळी, निळी, लाल आणि मग निळी, निळी, लाल, लाल, निळी, निळी असा बिनचूक. पहिल्या फेरीत एक लाल गोटी गळते, पुढे सगळे सुरळीत. ही चूक पाहण्यासारखी असते, कारण यंत्र स्वतःच सुधारल्याचा भास होतो. खरे कारण असे की उलट्या बिटला पहिल्या लाल गोटीने सरळ केलेले असते. सुरुवातीच्या फेरीपुरता घोळ दिसला तर वाटा तपासत बसू नये. बिट सुरू होताना कुठे होते ते पाहावे. पडद्यावर कोडिंग करताना सुरुवातीची किंमत द्यायला विसरण्याची चूक याच जातीची असते, पण तिथे ती अशी नजरेला पडत नाही.

विचारातली चूक आणि फळीतला दोष वेगळा ओळखणे पालकांनाही जड जाते. त्याची खूण सोपी आहे. तुकडे आणि बिट पुन्हा पहिल्यासारखे मांडून यंत्र परत चालवावे. त्याच जागी तीच चूक आली तर दोष रचनेत. दर वेळी वेगळ्या जागी अडले तर दोष फळीत. बहुधा टेबल एका अंगाला कललेले असते, एखादा तुकडा खुंटीवर पुरता बसलेला नसतो, किंवा कुणाचा तरी धक्का लागून बिट फिरलेला असतो. गिअर बिटांची लांब रांग केली की एका गोटीचे वजन सगळ्यांना फिरवायला पुरत नाही आणि गोटी मधेच बसून राहते. तिथे रांग लहान करण्यावाचून इलाज नाही. गोट्या लहान असल्याने घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर खेळ झाल्यावर त्या मोजून ठेवाव्यात.

खेळण्याच्या नावात संगणकशास्त्राचा पाया घालणारे इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंग आहेत. फळी हवी तेवढी मोठी आणि गोट्या हव्या तेवढ्या मिळाल्या तर कोणत्याही संगणकाला जमणारे गणित या तुकड्यांनी करता येते. प्रत्यक्षातली फळी लहान, त्यामुळे मोठा गुणाकारही तिच्यात मावत नाही. शिवाय सूचना ओळीने लिहिणे, त्यांना नाव देऊन पुन्हा वापरणे या गोष्टी इथे नाहीत. गोटीची वाट हाच प्रोग्रॅम असतो. पाठोपाठ सूचना लिहिण्याची सवय लावायची असेल तर पटावरचे किंवा कागदावरचे दुसरे खेळ घ्यावेत. त्या अपेक्षेने हा घेतला तर निराशा होईल.

खेळणे परदेशी आणि महाग आहे. त्यातली मोजणी मात्र तीन मुले फुकटात करू शकतात. तिघांनी आपल्याकडे तोंड करून ओळीत उभे राहायचे. हात खाली म्हणजे ०, वर म्हणजे १. आपल्या उजवीकडच्या मुलाची किंमत १, मधल्याची २, डावीकडच्याची ४. बाहेरच्याने दर वेळी उजवीकडच्या मुलाच्या खांद्यावर टिचकी मारायची. नियम तिघांना एकच : टिचकी बसली आणि हात खाली असेल तर वर करून गप्प उभे राहायचे, हात वर असेल तर खाली घ्यायचा आणि जास्त किमतीच्या शेजाऱ्याला टिचकी द्यायची. एकूण आकडा किती झाला हे ओळीतल्या कुणालाच ठाऊक असण्याची गरज नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे हात वर करतानाही शेजाऱ्याला टिचकी देणे. ती कोणी केली हे बाहेरच्याला फक्त आकडे पाहून सांगता येते. ०, ३, ४, ७ असे आकडे येऊन पुन्हा ० झाला तर उजवीकडचा मुलगा चुकतो आहे. ०, १, ६, ७ आले तर मधला. आणि तिघांचेही हात एकदम वर, एकदम खाली होऊ लागले, तर उजवीकडचा आणि मधला दोघेही दर वेळी टिचकी पुढे ढकलत आहेत.