लाइकलीहूड रेशोने ऑड्स बदलणे

एखाद्या विधानावरचा विश्वास आकड्यात मांडून, नवा पुरावा हाती आला की तो आकडा दर वेळी एका गुणोत्तराने गुणत जाण्याची पद्धत. हे संभाव्यता सिद्धांतातील बेझच्या प्रमेयाचेच एक रूप आहे. टॉमस बेझ यांचा मूळ निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, रिचर्ड प्राइस यांनी प्रकाशात आणला. प्रमेयाचे नेहमीचे सूत्र अपूर्णांकाचे आहे आणि त्याच्या छेदात दर पुराव्याला नवी बेरीज करावी लागते. ऑड्सच्या रूपात ती बेरीज उरत नाही आणि नुसता गुणाकार राहतो:

नवे ऑड्स = आधीचे ऑड्स × लाइकलीहूड रेशो

ऑड्स म्हणजे विधान खरे असण्याची शक्यता आणि खोटे असण्याची शक्यता यांचे गुणोत्तर. शंभरात एक शक्यता असेल तर ऑड्स १ : ९९. संभाव्यतेकडे परत यायचे तर डावी संख्या दोन्ही संख्यांच्या बेरजेने भागायची. लाइकलीहूड रेशो म्हणजे विधान खरे असते तर हा पुरावा किती वेळा दिसला असता, भागिले खोटे असते तर किती वेळा दिसला असता. पुरावा विधानाशी ‘जुळतो’ एवढ्याने काही ठरत नाही. विधान खोटे असतानाही तो तितक्याच वेळा दिसत असेल तर रेशो १ येतो आणि ऑड्स जागचे हलत नाहीत.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, एका गटात दर शंभर माणसांत एकाला विशिष्ट आजार आहे आणि एक रक्तचाचणी शंभर आजारी माणसांपैकी ९० जणांत पॉझिटिव्ह येते, तर शंभर निरोगी माणसांपैकी ५ जणांत. पॉझिटिव्ह निकालाचा रेशो ९० भागिले ५, म्हणजे १८. ऑड्स १ : ९९ वरून १८ : ९९ होतात, म्हणजे २ : ११, आणि संभाव्यता सुमारे १५ टक्के. माणसे मोजूनही हेच निघते. दहा हजारांत १०० आजारी, त्यांतले ९० पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांतले ४९५ पॉझिटिव्ह. ९० : ४९५ म्हणजे २ : ११.

आता तीच चाचणी पुन्हा केली आणि पुन्हा पॉझिटिव्ह आली. पुन्हा १८ ने गुणले तर ३२४ : ९९, म्हणजे जवळपास ७७ टक्के. या पद्धतीत सर्वाधिक घसरगुंडी होते ती इथेच. १८ हा रेशो सगळ्या निरोगी माणसांवरून काढलेला आहे, पण आता आपल्यासमोर सगळी निरोगी माणसे नाहीत. समोर आहेत ती ४९५, जी निरोगी असूनही एकदा पॉझिटिव्ह आली. ती तशी का आली, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. नमुना हाताळताना झालेली चूक असेल तर दुसऱ्या वेळी बहुतेक जण निगेटिव्ह येतील. पण रक्तातलाच एखादा दुसरा घटक चाचणीला फसवत असेल तर तो दुसऱ्या नमुन्यातही असणारच. समजा, यांच्यापैकी ८० टक्के पुन्हा पॉझिटिव्ह येतात, आणि आजारी ९० पैकी ९५ टक्के. तर दुसऱ्या निकालाचा खरा रेशो ९५ भागिले ८०, म्हणजे साधारण १.१९. ऑड्स होतात २१.४ : ९९ आणि संभाव्यता जेमतेम १८ टक्के. कागदावर दोन पॉझिटिव्ह अहवाल आहेत, पण दुसऱ्याने जवळजवळ नवे काही सांगितलेले नाही.

म्हणून नियम पूर्ण मांडायचा तर असा: प्रत्येक पुढचा रेशो आधीचा सगळा पुरावा गृहीत धरून काढायचा. पहिल्या निकालाचे कारण दुसऱ्या निकालावर परिणाम करत नसेल, तेव्हाच छापील रेशो जसाच्या तसा वापरता येतो. ‘विधान खोटे आहे’ ही बाजू अनेक प्रकारांचे मिश्रण असते आणि प्रत्येक पुराव्यानंतर त्या मिश्रणाचे प्रमाण बदलते. हे पाळले तर पुरावे कोणत्याही क्रमाने घेतले तरी अंतिम ऑड्स तेच येतात.

तिसरी चाचणी वेगळ्या तत्त्वावर चालणारी आहे असे धरू, जिला रक्तातला तो घटक फसवू शकत नाही. ती आजारी माणसांत ८० टक्के आणि निरोगी माणसांत २ टक्के पॉझिटिव्ह येते, म्हणजे रेशो ४०. पॉझिटिव्ह आल्यास ऑड्स साधारण ८.६ : १, संभाव्यता ९० टक्क्यांच्या आसपास. निगेटिव्ह आल्यास मात्र ४० उलटा करून चालत नाही. निगेटिव्हचा स्वतःचा रेशो असतो: आजारी माणसांत २० टक्के, निरोगी माणसांत ९८ टक्के, म्हणजे सुमारे ०.२. त्याने संभाव्यता १८ वरून ४ टक्क्यांवर येते. पुरावा न मिळणे हाही पुरावाच असतो, पण त्याचे बळ वेगळे मोजावे लागते.

गुणाकाराऐवजी लॉगरिदम घेतले की पुराव्यांची नुसती बेरीज करता येते. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश गुप्तसंदेश उलगडण्याच्या केंद्रात अॅलन ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी, जर्मन नौदलाने एनिग्मा या यंत्राने सांकेतिक केलेल्या संदेशांवर अशीच बेरीज करत. ऑड्स दहापट करणारा पुरावा म्हणजे एक ‘बॅन’, त्याचा दहावा भाग ‘डेसिबॅन’. दोन संदेश एकाखाली एक ठेवून अक्षरे कुठे जुळतात ते पाहायचे. दोन्ही संदेश यंत्राच्या एकाच स्थितीतून गेलेले असतील तर साधारण १७ जागांत एक अक्षर जुळे, नाहीतर २६ जागांत एक. प्रत्येक जुळणीचा रेशो २६ भागिले १७, म्हणजे साधारण १.८ डेसिबॅन, आणि न जुळणाऱ्या प्रत्येक जागेला सुमारे ०.१ डेसिबॅन वजा. एका जागेने काहीच ठरत नसे. शेकडो जागांची बेरीज कौल देत असे. मात्र लागोपाठ अक्षरे जुळली की ती स्वतंत्र घटना नसतात, म्हणून सलग जुळणीचे गुण वेगळे काढावे लागत. वरच्या दुसऱ्या रक्तचाचणीची अडचण आणि ही अडचण एकच आहे.

वरचे उदाहरण या मोजपट्टीवर डेसिबॅनमध्ये असे दिसते: सुरुवातीचे ऑड्स −२०, मग तीन पॉझिटिव्ह निकालांचे +१२.६, +०.७, +१६. दुसऱ्या अहवालाचे वजन किती कमी, हे असे लिहिले की चटकन नजरेत भरते.

सुरुवातीच्या ऑड्समध्येही दुहेरी मोजणीचा धोका असतो. लक्षणे दिसल्यामुळे आलेल्या रुग्णांवरून १ : ९९ काढले असतील तर तीच लक्षणे पुढे पुरावा म्हणून पुन्हा गुणता येणार नाहीत. आणि सुरुवात शून्याने केली तर कितीही मोठ्या रेशोने गुणून शून्यच येते.

गुणाकारात दुहेरी मोजणी शिरली आहे का, हे एका प्रकरणावरून कळत नाही. ज्या ज्या प्रकरणांत उत्तर ७५ ते ८० टक्के आले ती बाजूला काढून त्यांतली प्रत्यक्षात किती खरी ठरली ते मोजावे लागते. शंभरात २० च खरी ठरत असतील तर एकाच मुळातून आलेले पुरावे वेगवेगळे धरले गेल्याची शंका आधी घ्यावी. वरच्या चुकीच्या ७७ आणि खऱ्या १८ मध्ये साधारण तेवढीच दरी आहे. चुकीची खूण ठरावीक असते: मोठे आकडे खऱ्यापेक्षा मोठे येतात आणि छोटे आकडे खऱ्यापेक्षा छोटे. सुरुवातीचे ऑड्सच चुकले असतील तर मात्र सगळेच आकडे एका बाजूला सरकतात.