सौंदर्यप्रसाधनांनी भाजणे व मागे राहणारे डाग

केस काढण्याची क्रीम, घरच्या घरी केलेले केमिकल पील, म्हणजे आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलणे, किंवा आम्ल असलेले सीरम यांमुळे त्वचा जळते आणि भाजलेली जागा भरून आल्यावरही तिथे महिनोन्‌महिने काळपट डाग राहतो. कोल्हापुरात याला सर्रास 'रिअ‍ॅक्शन आली' म्हणतात. या शब्दाने घोटाळा होतो. रिअ‍ॅक्शन म्हटले की लोकांच्या डोक्यात अ‍ॅलर्जी येते, आणि मग गोळी घेऊन वाट पाहिली जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते सरळसरळ भाजणे असते, चुलीवर भाजावे तसेच, फक्त विस्तवाच्या जागी रसायन असते.

दोन्हींतला फरक घरीही ओळखता येतो. अ‍ॅलर्जीत खाज प्रधान असते, ती बहुधा एक-दोन दिवसांनी उठते आणि लावलेल्या जागेच्या बाहेरही पसरते. भाजण्यात आग प्रधान असते, ती काही मिनिटांत किंवा त्याच दिवशी सुरू होते, आणि लाली नेमकी क्रीम लागलेल्या जागेपुरती असते, जणू कुणी आखून दिली आहे. वरच्या ओठावर पट्टीसारखा किंवा हनुवटीवर ओघळासारखा डाग दिसला, तर ते रसायन कुठून कुठे वाहिले हेही त्यावरून वाचता येते.

वरचा ओठ ही या प्रकारातली सर्वांत सोसणारी जागा. थ्रेडिंग, केस काढण्याची क्रीम आणि फेसपील हे तिन्ही उपचार तिथेच एकमेकांवर येऊन पडतात, आणि दुचाकीवरून जाताना रुमाल बांधला नाही तर ऊनही थेट तिथेच लागते. म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः याच जागेला धरून आहे.

केस काढण्याच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट नावाचा क्षार असतो. केस केराटिन या प्रथिनाचे असतात आणि त्यातले गंधकाचे बंध तोडले की केस लगदा होऊन पुसून निघतो. हे बंध तुटायला क्रीम तीव्र अल्कधर्मी असावी लागते. तिचा पीएच साधारण १२ च्या आसपास असतो, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या जवळपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. अडचण अशी, की त्वचेचा सर्वांत वरचा थरही केराटिनचाच बनलेला आहे. क्रीमला केस आणि कातडे यांतला भेद कळत नाही. केसात गंधकाचे बंध जास्त असल्याने तो आधी विरघळतो, एवढीच सवलत. पाकिटावर लिहिलेली पाच-सहा मिनिटांची मुदत म्हणजे या सवलतीची मुदत असते. जुन्या काळच्या केस काढण्याच्या पावडरींमध्ये बेरियम सल्फाइड असे. सडक्या अंड्याच्या वासाची ती पावडर अजूनही मिळते आणि तीही याच पद्धतीने भाजते.

पीलमध्ये बहुधा ग्लायकोलिक आम्ल असते. हे आम्ल उसात नैसर्गिकरीत्या आढळते. त्यामुळे ऊस आणि गुळाच्या या मुलुखात 'उसाचंच तर आहे' म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण बाटलीतले आम्ल बहुतेक कारखान्यात तयार केलेले असते, आणि उसातून आले असते तरी फरक पडला नसता. त्याचा रेणू या गटातल्या आम्लांमध्ये सर्वांत लहान असल्याने तो त्वचेत लवकर शिरतो. ग्राहक बाटलीवरची टक्केवारी पाहतो, पण जाळण्याची ताकद टक्केवारीइतकीच पीएचवरही ठरते. पीएच ३.८ ला यातले निम्मे आम्ल मोकळे, म्हणजे त्वचेत शिरू शकणारे असते. पीएच २ ला जवळपास सगळेच मोकळे असते. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन तज्ज्ञांच्या समितीने घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ पेक्षा कमी नको अशी मर्यादा सुचवली आहे. ऑनलाइन विकत मिळणाऱ्या ३० टक्क्यांच्या किंवा त्याहून तीव्र बाटल्यांवर पुष्कळदा पीएच छापलेलाच नसतो. तीच बाटली डॉक्टरांच्या टेबलावर असली, तर बाजूला सोडा-पाणी तयार असते, डोळे घड्याळावर असतात आणि कातडी कुठे पांढरी पडते आहे यावर बोट असते. ग्लायकोलिकमध्ये पांढरे फटफटीत ठिपके उमटणे ही हद्द ओलांडल्याची खूण. घरी आरशात ती दिसते, पण 'काम करतंय' असे समजून लोक आणखी दोन मिनिटे थांबतात.

दवाखान्यात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या तर प्रसंग साधारण असा बनतो. राजारामपुरीतली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, मे महिन्यातले चुलत बहिणीचे लग्न आणि हातात पंधरा दिवस. शनिवारी रात्री तिने ओठावर केस काढण्याची क्रीम लावली. केस जाड, पाच मिनिटांत निघेनात, म्हणून पंधरा मिनिटे ठेवली. धुतल्यावर थोडे चुरचुरले, पण जागा गुळगुळीत दिसली. रविवारी संध्याकाळी, चेहरा उजळावा म्हणून, त्याच चेहऱ्यावर ३० टक्के ग्लायकोलिकचे पील लावले. नेहमी वरचा थर आम्लाला अडवतो. शनिवारच्या क्रीमने तो आधीच पातळ केला होता. शिवाय पुरळासाठी ती दोन महिने रात्री अ‍ॅडापॅलीन लावत होती. तेही त्वचेला हळवी करते. आम्ल गालावर नुसते टोचले, ओठावर मात्र पेटले.

सोमवारी सकाळी ओठावर तपकिरी, तकतकीत, ताणल्यासारखी पट्टी. आईचा पहिला प्रश्न, 'काय लावलीस गं तोंडाला?' आणि लगेच हळद-साय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खपली धरली. लग्नात मेकअप नीट बसावा म्हणून मुलीने ती नखाने काढली. खाली गुलाबी ओलसर त्वचा दिसली आणि सगळ्यांना हायसे वाटले. खरी चूक इथे झाली, आदल्या शनिवारी नव्हे. गुलाबी जागेवर अजून पुरते कातडे आलेले नव्हते. तिच्यावर उन्हात दोन फेऱ्या खरेदीच्या झाल्या, मग हळदीची हळद, फाउंडेशन आणि ते काढताना घासणे. दहाव्या दिवशी जागा काळवंडू लागली. तीन आठवड्यांनी ओठावर मिशीसारखी काळी पट्टी होती.

म्हणजे भाजल्या दिवशी डाग नसतो. तो पुढच्या तीन-चार आठवड्यांत तयार होतो. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चटकन उठतात. सूज आली की त्या जास्त रंग तयार करतात आणि ऊन त्याला खतपाणी घालते. रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि त्वचा जशी झडत जाते तसा सहा महिने ते वर्षभरात फिकट होतो. भाजणे जरा खोल गेले, किंवा खपली ओढून काढली, तर रंगाचे कण खालच्या थरात पडतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून बसतात. असा डाग राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षे हटत नाही. त्वचारोगतज्ज्ञ वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात पाहतात. वरचा डाग उजेडात ठळक होतो, खालचा होत नाही. सावळ्या त्वचेवर मात्र या दिव्यावर फार विसंबता येत नाही, म्हणून शेवटी नजर आणि वेळ यांवरच अंदाज बांधला जातो. पुष्कळांना हा डाग 'वांग' वाटतो. वांग हळूहळू आणि दोन्ही गालांवर सारखे येते. भाजल्याच्या डागाला एक तारीख असते.

आग होत असतानाच काय केले, त्यावर निम्मा निकाल ठरतो. क्रीम असेल तर आधी ओल्या कापडाने पुसून घ्यावी, मग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटे धरावे. वीस मिनिटे फार वाटतात, लोक दोन मिनिटांत थांबतात. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. आम्लावर सोडा किंवा क्षारावर लिंबू ही युक्ती घरी करू नये, कारण दोन्ही एकमेकांना मारताना उष्णता निघते आणि प्रमाण कुणाला ठाऊक नसते. क्रीम डोळ्यात गेली असेल तर पाणी मारत राहावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. अल्कधर्मी रसायन डोळ्यात आम्लापेक्षाही खोल जाते. फोड आले, जागा पांढरट-मेणचट होऊन बधिर झाली किंवा पू दिसला, तर कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात म्हणजे सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे.

भरून येईपर्यंत साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पुरतो. खपली आपोआप पडू द्यावी. थ्रेडिंग, वॅक्सिंग, सीरम, स्क्रब सगळे बंद. चैत्रात जोतिबाला जायचे असेल तर कच्च्या जागेवर गुलाल पडू देऊ नये. तो रगडला जातो आणि धुताना पुन्हा घासले जाते. कातडे कोरडे, बंद झाले की सनस्क्रीन सुरू. सावळ्या त्वचेला नुसते अतिनील किरणच नव्हे, साधा प्रकाशही काळवंडवतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित तांबूस रंगाचे सनस्क्रीन साध्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. त्यानंतर डॉक्टर बहुधा अ‍ॅझेलाइक आम्ल किंवा मर्यादित काळ हायड्रोक्विनोन देतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. ओठावर डाग पडलेल्या त्या मुलीला फाउंडेशनशिवाय फोटो काढावासा वाटायला पुढची दिवाळी उलटून जाते.

या वाटेवर एक फाटा फार जणांना चुकवतो. डाग दिसला की ओळखीतले कुणीतरी औषधाच्या दुकानातली तिहेरी क्रीम सुचवते. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड असते. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून ती वर्ष-वर्ष लावली जाते. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालावर केस वाढतात आणि बंद केल्यावर चेहरा लालबुंद होऊन पेटतो. केस वाढले म्हणून पुन्हा केस काढण्याची क्रीम येते, आणि ती आता पूर्वीपेक्षा पातळ कातडीवर लागते. २०१८ साली भारत सरकारने लावायची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. गल्लीतल्या दुकानात चिठ्ठी किती वेळा मागतात, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

काळ्या डागाखेरीज दोन परिणाम राहू शकतात. खोल भाजले तर रंग बनवणाऱ्या पेशीच मरतात आणि पांढरा चट्टा उरतो. जबड्याच्या कडेला, छातीवर किंवा खांद्यावर जाड, खाजरी, वाढत जाणारी गाठ धरू शकते. ही मलमाने जात नाही. तिच्यात इंजेक्शने द्यावी लागतात. घरात कुणाला अशा गाठी झाल्या असतील तर पीलचा विचारच करू नये.

बाटलीतून येत नसले तरी घरगुती उपायही याच जातीचे असतात. तीळ काढण्यासाठी चुना आणि कपड्याचा सोडा लावणे किंवा बिब्बा टोचणे, ही खेड्यांतली जुनी पद्धत. पहिल्यात तीव्र क्षार कातडे खातो, दुसऱ्यात बिब्ब्याचे तेल फोड आणते. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बाच वापरत. कपडा फाटेपर्यंत ती जात नसे.