पोकळ पाइप आणि पोकळ गोळा यांतील धातूचे घनफळ कसे काढावे
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दारूखान्यातील दुकानात पाइप मीटरने किंवा नगाने मागितला जातो आणि त्याची किंमत मात्र किलोने लागते. त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी वजनाचा अंदाज घ्यावा लागतो, आणि वजन कळण्यासाठी आधी पाइपात प्रत्यक्ष धातू किती आहे हे काढावे लागते. हा हिशेब ग्राहकांना स्वतः करता यावा, यासाठी हे पत्रक आहे.

पाइपाच्या बाहेरील मापाचा भरीव दांडा आहे असे समजावे आणि त्याच्या घनफळातून आतल्या पोकळीचे घनफळ वजा करावे. दोन्हींची लांबी एकच असल्याने सूत्र असे होते:

धातूचे घनफळ = π × (बाहेरील त्रिज्या² − आतील त्रिज्या²) × लांबी

येथे प्रत्येक त्रिज्येचा वर्ग आधी करायचा आणि वजाबाकी नंतर. आधी वजाबाकी करून मग वर्ग केला, तर भिंतीच्या जाडीएवढी त्रिज्या असलेल्या बारीक सळईचे घनफळ निघते, ज्याचा पाइपाशी काही संबंध नसतो.

बाजारात ज्याला दोन इंची बी क्लास म्हणतात, तो पोलादी पाइप उदाहरण म्हणून घेऊ. दोन इंच किंवा ५० मिमी हे त्याचे केवळ नाव आहे. त्याचा बाहेरील व्यास सुमारे ६०.३ मिमी आणि भिंतीची जाडी ३.६ मिमी असते. म्हणजे बाहेरील त्रिज्या ३०.१५ मिमी आणि आतील त्रिज्या २६.५५ मिमी. त्यांचे वर्ग अनुक्रमे ९०९.०२ आणि ७०४.९० असून फरक २०४.१२ येतो. त्याला ३.१४१६ ने गुणल्यावर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ६४१.३ चौरस मिमी मिळते. एक मीटर लांबीत म्हणून ६४१.३ घन सेंमी धातू असतो. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंमी धरल्यास वजन ५.०३ किलो होते, आणि सहा मीटरच्या नगाचे ३०.२ किलो.

प्रत्यक्षात चूक सूत्रात कमी आणि मापांत जास्त होते. नावावरून ५० मिमी हाच बाहेरील व्यास धरला, तर वजन मीटरला ४.१२ किलोच येते. बाहेरील व्यासातून जाडी एकदाच वजा करून आतील व्यास ५६.७ मिमी धरला, तर ते २.६० किलो, म्हणजे जवळजवळ निम्मे होते. भिंत दोन्ही बाजूंना असते, म्हणून व्यासातून जाडी दोनदा वजा करावी. ही चूक आम्हाला सर्वांत अधिक आढळते, कारण आलेला आकडा पाहता क्षणी खोटा वाटत नाही.

आतील व्यास मोजण्यापेक्षा व्हर्नियरने जाडीच मोजावी, असा आमचा आग्रह आहे. चाकाच्या कटरने कापलेल्या टोकाला आतल्या बाजूस कड वळते. तेथे आतील व्यास कमी भरतो आणि हिशेबात धातू वाढतो. म्हणून कड कानशीने साफ करून परिघावर तीन-चार ठिकाणी जाडी घ्यावी आणि त्यांची सरासरी धरावी. बाहेरील व्यासात ०.२ मिमीची चूक झाली तर वजन अर्ध्या टक्क्याहूनही कमी बदलते. जाडीत तेवढीच चूक झाली तर फरक पाच टक्क्यांच्या आसपास जातो. सहा मीटरचा वरील नग काट्यावर ३०.२ ऐवजी २८.६ किलो भरला, तर त्याची जाडी ३.६ नसून सुमारे ३.४ मिमी आहे असे समजावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाचे वजन मुलाम्यामुळे थोडे अधिक भरते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

जाडी हाती असेल तर याहून सोपी रीतही आहे: बाहेरील व्यासातून जाडी एकदा वजा करावी, उरलेल्या संख्येला जाडीने आणि π ने गुणावे. ५६.७ × ३.६ म्हणजे पुन्हा २०४.१२. येथे एकदाच वजा करणे बरोबर आहे, कारण ५६.७ हा आतील व्यास नसून भिंतीच्या मध्यावरचा व्यास आहे. पाइपासाठी ही रीत अंदाजाची नाही. भिंत कितीही जाड असली तरी उत्तर तंतोतंत येते.

फाटकाच्या खांबावर बसवण्याच्या पोकळ पितळी गोळ्यांना मात्र ही सवलत पूर्णपणे लागू होत नाही. त्यांच्यासाठी त्रिज्यांचे घन घ्यावे लागतात:

धातूचे घनफळ = ४/३ × π × (बाहेरील त्रिज्या³ − आतील त्रिज्या³)

गोळ्याचा बाहेरील व्यास १०० मिमी आणि जाडी ५ मिमी असेल, तर १,२५,००० मधून ९१,१२५ वजा जाऊन ३३,८७५ उरतात आणि घनफळ सुमारे १४१.९ घन सेंमी येते. पितळेची घनता ८.५ धरल्यास वजन १.२१ किलो होते. बाहेरील पृष्ठफळाला जाडीने गुणणारे कारागीर १५७ घन सेंमी धरतात, म्हणजे सुमारे ११ टक्के जास्त. मध्यावरची त्रिज्या ४७.५ मिमी घेऊन तेच केले, तर १४१.८ येतात आणि काम भागते. पण त्याच मापाच्या गोळ्याची भिंत २५ मिमी जाड असेल, तर मध्यावरच्या त्रिज्येनेही धातू साडेतीन टक्क्यांनी कमी निघतो, म्हणून जाड भिंतीच्या गोळ्यासाठी घनांचेच सूत्र वापरावे.