काचबिंदू

काचबिंदू हा डोळ्यातील दृष्टिचेतेचा, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेचा, हळूहळू वाढत जाणारा आजार आहे. डोळ्याच्या आतला दाब त्या नसेला सोसवत नाही, तिचे तंतू एकेक करून मरतात आणि दृष्टिक्षेत्राचे तुकडे गळत जातात. मेलेले तंतू परत येत नाहीत. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते आणि ते बदलले की दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. ‘पिकू दे, मग ऑपरेशन करू’ हा मोतीबिंदूचा हिशेब काचबिंदूला लावणारे रुग्ण म्हणूनच फार उशिरा येतात.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर. आयरिसच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, मागे असलेल्या सिलियरी बॉडी या भागातून तो स्रवतो, बाहुलीतून पुढे येतो आणि कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, व आयरिस जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून शिरांमध्ये निघून जातो. डोळ्यातला दाब बव्हंशी या येण्याजाण्यावर ठरतो. द्रव जास्त तयार झाल्याने दाब वाढणे दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा बिघाड निचऱ्यात असतो. कोन उघडा असूनही जाळीतून द्रव नीट झिरपत नसेल तर तो उघड्या कोनाचा काचबिंदू. यात दाब महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चढत जातो आणि कळत नाही. आयरिस पुढे सरकून कोनच बंद झाला तर तो बंद कोनाचा काचबिंदू. हा अचानक झाला की डोळा लाल होतो, असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात. असा रुग्ण त्याच दिवशी डॉक्टरकडे पोचतो. पण बंद कोनाचे बरेच रुग्णही असा झटका न येता गुपचूप नस गमावत राहतात.

दाबाचा मार नेमका कुठे बसतो हे पाहिले की आजाराची चाल समजते. रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, पेशींचे सुमारे दहा-बारा लाख तंतू डोळ्याच्या मागच्या भिंतीत एका ठिकाणी जमतात आणि एका चाळणीसारख्या थरातून बाहेर पडतात. भिंतीचा हाच भाग सर्वांत कमकुवत. दाबाने चाळणी मागे झुकते, तिच्या भोकांतून जाणारे तंतू पिळले जातात, त्यांचा रक्तपुरवठाही अडतो. डॉक्टर डोळ्यात पाहतात तेव्हा नसेचे हे टोक एक गुलाबी चकती म्हणून दिसते आणि तिच्या मधोमध एक फिकट खळगा असतो, ज्याला कप म्हणतात. तंतू मरत गेले की गुलाबी कड पातळ होते आणि कप रुंदावतो. कप आणि चकती यांचे प्रमाण अनेक निरोगी डोळ्यांत ०.३च्या आसपास असते. मोठ्या चकतीत निरोगी कपही मोठा असू शकतो, म्हणून एका आकड्यापेक्षा दोन डोळ्यांतला फरक अधिक बोलका ठरतो. हा फरक ०.२पेक्षा जास्त असला की डॉक्टर थबकतात.

एवढे नुकसान होत असताना माणसाला कळत कसे नाही, हा काचबिंदूतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. गेलेला भाग काळा दिसेल अशी आपली समजूत असते, पण तसे होत नाही. तिथे काहीच दिसत नाही, आणि मेंदू आजूबाजूच्या रंगरेषांनी ती जागा भरून काढतो. भिंत असेल तर भिंतच पुढे चालू राहते, त्यावरचे घड्याळ मात्र गायब होते. घड्याळ तिथे आहे हे माहीत नसलेल्याला काही चुकल्याची शंकाही येत नाही. शिवाय हा आजार बहुधा नजरेच्या ऐन मध्यापासून थोड्या अंतरावर, अनेकदा नाकाकडच्या बाजूला, सुरू होतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे हे सगळे मध्याच्या नजरेचे काम, आणि ती बहुतेकांत शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ बिनचूक वाचणाऱ्याचीही निम्मी नस गेलेली असू शकते. तिसरी गोष्ट म्हणजे दोन डोळ्यांची क्षेत्रे एकमेकांवर पडतात. डाव्या डोळ्याला नाकाकडचे जे दिसत नाही, ते उजवा डोळा सहज पाहतो. दोन्ही डोळ्यांतले गळलेले तुकडे एकमेकांवर येईपर्यंत हा समझोता चालतो.

तपासणीचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात येते ते ‘डोळ्याचे प्रेशर’. दाब साधारण १० ते २१ मिमी पारा असतो. पण २१ ही लोकसंख्येतल्या मोजमापांवरून काढलेली सांख्यिकी रेघ आहे. तिच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे आजारी असे काही नाही. पाहण्यांमध्ये सापडलेल्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांचा त्या दिवशीचा दाब या रेघेच्या आतच निघालेला आहे. काहींची नस मुळातच कमी दाबालाही टिकत नाही. काहींचा दाब दिवसभरात चढउतार करतो आणि दवाखान्याच्या वेळेत खाली असतो. आणखी एक गोम कॉर्नियाची. दाब मोजताना कॉर्निया किंचित सपाट केला जातो. तो पातळ असेल तर सहज दबतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, जाड असेल तर उलटे. म्हणून कॉर्नियाची जाडी, जी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, एकदा तरी मोजावी लागते.

उलट बाजूही तितकीच खरी. दाब जास्त पण नस शाबूत अशा लोकांवरच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना आणि थेंब घालणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना काचबिंदू झाला. थेंबांनी धोका निम्म्याहून कमी केला हे उघड आहे. पण औषधाविनाही नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना त्या पाच वर्षांत काहीच झाले नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. फक्त दाबावरून निदान करणे दोन्ही बाजूंनी फसते ते असे.

पूर्ण तपासणीत काय काय येते हे एका नमुना उदाहरणावरून पाहू. बावन्न वर्षांची एक व्यक्ती जवळच्या चष्म्याचा नंबर काढायला येते. तक्रार काहीच नाही, चष्म्याने दोन्ही डोळ्यांना ६/६ दिसते. दाब उजवीकडे १९, डावीकडे २०. इथेच थांबले असते तर चष्मा हातात घेऊन ती व्यक्ती घरी गेली असती. पण बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून नस पाहिली, तेव्हा उजवा कप ०.५ आणि डावा ०.८ निघाला. डाव्या चकतीच्या खालच्या कडेला एक खाच होती आणि तिच्या शेजारी बारीक रेघेएवढा रक्तस्राव. कॉर्नियाची जाडी ४९५ मायक्रॉन, म्हणजे २० हा आकडा फसवा होता. थेंब घालण्याआधीच कोन पाहण्याच्या खास आरशाच्या भिंगातून कोन उघडा दिसला होता. ही तपासणी बाहुली मोठी करण्याआधी करायची असते, कारण कोन अरुंद असेल तर बाहुली मोठी केल्याने तो बंद होण्याचा धोका असतो.

मग फील्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्राची चाचणी. एका वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, मधल्या बिंदूकडे पाहत राहायचे आणि आजूबाजूला कुठे मंद ठिणगी चमकली की बटण दाबायचे. नेहमीच्या चाचणीत यंत्र ५४ जागा तपासते. या व्यक्तीच्या डाव्या डोळ्यात वर, नाकाच्या बाजूला कमानीसारखा पट्टा हरवलेला निघाला. रेटिनावर चित्र उलटे पडते, त्यामुळे खालच्या कडेची खाच आणि वरचा हरवलेला पट्टा यांचा मेळ बसतो. असा मेळ बसणे हाच निदानाचा कणा. पहिल्या फील्ड टेस्टवर मात्र कोणी शिक्कामोर्तब करू नये. कंटाळा, डुलकी, लोंबती पापणी, चाचणी न समजणे यांनीही खोटे डाग उमटतात आणि दुसऱ्या वेळी ते जातात. इथे दोन आठवड्यांनी तोच पट्टा त्याच जागी आला. तंतूंच्या थराची जाडी मोजणाऱ्या ओसीटी यंत्रावर तो थरही खालच्या बाजूलाच पातळ दिसला. नस पाहणे फील्ड टेस्टच्या आधी येते त्याचे कारणही इथे आहे: फील्ड टेस्टमध्ये दोष उमटेपर्यंत पाव ते तृतीयांश तंतू आधीच गेलेले असू शकतात.

उपचारात हाताळता येते ती एकच गोष्ट, दाब. या व्यक्तीसाठी २० वरून १४ वर, म्हणजे सुमारे ३० टक्के घट, हे लक्ष्य ठरले आणि रात्री लॅटॅनोप्रॉस्टचा एक थेंब सुरू झाला. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरला तर औषध नाकाघशातून रक्तात फारसे उतरत नाही. टिमोलॉलसारख्या थेंबांबाबत हे विशेष महत्त्वाचे, कारण ते दम्याच्या रुग्णांना त्रासदायक ठरतात. लेझरने जाळीतला निचरा सुधारणे हाही आता पहिल्या टप्प्यातलाच पर्याय मानला जातो. बंद कोनात लेझरने आयरिसला सूक्ष्म छिद्र पाडतात, आणि कशानेच भागले नाही तर शस्त्रक्रियेने द्रवाला नवी वाट करून देतात. खरी अडचण वेगळीच असते. थेंबांनी नजर सुधारत नाही, उलट डोळा चुरचुरतो आणि लाल होतो. फायदा जाणवत नसल्याने लोक काही महिन्यांत थेंब सोडतात, आणि सोडल्याचा तोटाही त्यांना लगेच जाणवत नाही.

सरसकट सगळ्यांचा दाब मोजत सुटण्याची शिबिरे यात फारशी उपयोगी नाहीत. निम्मे रुग्ण निसटतात आणि निरोगी लोक घाबरतात. धोका जास्त असलेल्यांची पूर्ण तपासणी करणे अधिक फलदायी ठरते. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असलेल्यांचा धोका कित्येक पटींनी वाढतो, म्हणून वरच्या उदाहरणातल्या व्यक्तीच्या भावंडांना लगेच बोलावले जाते. चाळिशी उलटलेले, मोठा उणे नंबर असलेले, डोळ्याला मार बसलेले, आणि स्टिरॉइडचे थेंब, मलम किंवा गोळ्या दीर्घकाळ वापरणारे यांचाही त्यात समावेश होतो. ॲलर्जीच्या खाजेसाठी स्टिरॉइडचे थेंब परस्पर आणून महिनोन्‌महिने घालणाऱ्या तरुणांत, अगदी मुलांतही, दाब चढून नस गेल्याची उदाहरणे नेत्रतज्ज्ञ नेहमी पाहतात. अशांनी चाळिशीची वाट पाहायची नसते. चष्म्याचा नंबर काढताना ‘बाहुली मोठी करून नस पाहिली का’ एवढे विचारले तरी तपासणी पूर्ण झाली की अर्धवट राहिली हे कळते.