मोकाट कुत्रा चावला तर: आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी

कुत्रा चावल्यावर अनेक जण आधी आमच्या काउंटरवर येतात आणि मलम मागतात. मलम देण्याआधी आम्ही विचारतो, जखम धुतली का? बहुतेकदा उत्तर येतं, हळद लावली. कुणी चुना लावतं, कुणी तिखट. यातलं काहीच लावू नका, पट्टीही आवळून बांधू नका.

जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने १५ मिनिटं धुवा. साधा अंगाचा किंवा कपड्यांचा साबण चालतो. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. घड्याळ लावूनच धुवा, कारण नुसत्या अंदाजाने धुतलं की दोन मिनिटांतच हात थांबतो. मग पोव्हिडोन आयोडीन लावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. धुतलं म्हणून लस टळत नाही. मोकाट कुत्रं पुन्हा नजरेस पडेलच असं नाही, त्यामुळे ‘बघू, पिसाळतंय का’ म्हणून थांबू नका.

बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यावर घ्यायची नाही, तिथे ती नीट लागू पडत नाही.

तारखांचा घोळ मात्र नेहमीचा. शून्य दिवस म्हणजे चावल्याचा नव्हे, पहिल्या डोसचा. समजा ४ जूनला रात्री पोटरीला चावा बसला आणि पहिला डोस ५ जूनला घेतला. स्नायूत देण्याच्या लसीचे पुढचे डोस ८, १२, १९ जून आणि ३ जुलैला, एकूण पाच. सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत देतात. तिथे ५, ८, १२ जून आणि ३ जुलै अशा चार फेऱ्या, दर वेळी दोन्ही दंडांत थोडी थोडी. आधी पूर्ण कोर्स झालेल्यांना शून्य आणि तिसऱ्या दिवशी, असे दोनच डोस पुरतात. जुना कागद सोबत न्या.

कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागतं. लसीने शरीरात संरक्षण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर हे तयार संरक्षण जखमेपाशीच काम करतं. वजनावरून मात्रा ठरवून ते जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. दुखतं, पण टाळू नका. पहिल्या दिवशी मिळालं नाही, तर पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येतं. हे घेतल्याशिवाय जखमेला टाके घालू देऊ नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा.

गरोदर बायांनाही ही लस चालते, हे घरच्यांना आवर्जून सांगा. आमच्याकडून लस नेत असाल तर बर्फाच्या पिशवीत न्या, पण बाटली बर्फाला चिकटू देऊ नका. गोठलेली लस वाया जाते. आणि डोसाच्या तारखा बिलामागे लिहून घ्या, आम्हीच लिहून देऊ.