स्मरणपत्र, अंतिम मुदतीचं (बेळगाव सीमाभाग)

आधी पाठवलेल्या आणि उत्तर न आलेल्या पत्राचा तारखेसकट उल्लेख करून, अमुक दिवसापर्यंत उत्तर द्या नाहीतर पुढचं पाऊल उचलू असं लेखी कळवणारं पत्र. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सगळे याला सरळ रिमाइंडर म्हणतात आणि शेवटच्याला 'फायनल रिमाइंडर'. खाजगी उधारी, भाडेकरूचं डिपॉझिट, सोसायटीचे हिशोब अशा कामांतही ते लिहिलं जातं, पण इथं मुख्यतः नागरिकानं सरकारी किंवा पंचायत ऑफिसला लिहिलेल्या पत्राचा विचार केलाय, कारण कायद्यातला खरा घोळ तिथेच आहे.

उगम

यावर दोन मतं दिसतात. एक मत याचा धागा पेशवाईतल्या ताकीदपत्रापर्यंत नेतं. त्या काळच्या पत्रांत आधीच्या पत्राचा हवाला द्यायची रीत होतीच, आणि तारीख लिहायची ती 'छ' म्हणजे चंद्र, मग आकडा, मग मुसलमानी महिना, जसं छ १४ जिल्हेज. अडचण अशी की वर्ष बऱ्याचदा लिहिलेलंच नसायचं, लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीत असायचं म्हणून. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले तेव्हा अशा अनेक पत्रांचं वर्ष आतल्या मजकुरावरून ठरवावं लागलं. म्हणजे हवाला होता, पण तिसऱ्या माणसाला कळेल असा नव्हता, आणि स्मरणपत्राची सगळी मदार तर तिसऱ्या माणसावर असते (वरचा अधिकारी, नाहीतर जज).

दुसरं मत म्हणजे हा प्रकार कंपनी सरकारच्या कचेरीतून आला. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, १८३६ मध्ये धारवाडातून वेगळा काढून बेळगाव जिल्हा झाला, आणि मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं आवक-जावक, नंबर, तारीख हे सगळं साधारण याच काळात रुळत गेलं असावं. हे मत जास्त पटतं. ताकीद वरून खाली जायची, रयतेनं कचेरीला मुदत घालून देणं त्या चौकटीत बसतच नाही, आणि आजच्या स्मरणपत्रात नेमकं तेच असतं.

रचना

वरती संदर्भ, मग विषय, मग मजकूर. संदर्भात तीन गोष्टी लागतात: आधीच्या पत्राची तारीख, त्यांच्या ऑफिसचा इनवर्ड नंबर आणि इनवर्डची तारीख. पत्रावर आपण घातलेली तारीख आणि शिक्क्यावरची तारीख वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही लिहायच्या. नुसतं 'मागील पत्रानुसार' लिहिलं तर टेबलावरचा क्लार्क ते नवीन पत्र म्हणून फाइलला लावतो आणि आधीचे सगळे दिवस वाया जातात.

एक नमुना केस घेऊ. खानापूर तालुक्यातल्या एका गावात घराच्या जागेच्या नमुना ९ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या उताऱ्यात, माप चुकलंय, ३० बाय ४० च्या जागी ३० बाय ३० पडलंय. मालकानं ४ ऑगस्ट २०२५, सोमवारी पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, नावानं अर्ज दिला, सोबत जुन्या कर पावत्या आणि खरेदीखताची झेरॉक्स, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, इनवर्ड नंबर घेतला. महिना गेला, तोंडी 'बघू या, साहेब मीटिंगला गेलेत' एवढंच. मग ८ सप्टेंबरला स्मरणपत्र. मजकूर साधारण असा:

"माझा दि. ४-८-२०२५ चा अर्ज आपल्या कार्यालयात त्याच दिवशी वरील इनवर्ड क्रमांकाने दाखल झाला आहे. त्यावर आजपर्यंत लेखी उत्तर मिळालेले नाही. मापाची दुरुस्ती करावी, किंवा करता येत नसल्यास त्याचे कारण, दि. २४-९-२०२५, बुधवारपर्यंत लेखी कळवावे. त्या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास आपण मागणी नाकारली असे समजून मी तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांकडे म्हणजे ईओंकडे तक्रार करीन व गरज पडल्यास न्यायालयात जाईन."

यात दोन बारकावे आहेत. एक, 'पंधरा दिवसांत' न लिहिता वारासकट तारीख लिहिलीय. पंधरा दिवस कधीपासून, पत्र लिहिल्यापासून की मिळाल्यापासून, हा वाद तिथंच संपतो. या केसमध्ये पत्र पोस्टानं गेलं आणि ११ तारखेला गुरुवारी पोचलं, तरी ऑफिसला १३ दिवस मिळाले, कमी दिले असं कोणी म्हणू शकत नाही. दुसरा, 'किंवा करता येत नसल्यास कारण' हे शब्द. ऑफिसला नाही म्हणायची वाट ठेवली की लेखी नकार मिळायची शक्यता वाढते, आणि लेखी नकार हा गप्प बसण्यापेक्षा पुढं जास्त कामाला येतो.

मुदतीचा दिवस निवडताना कॅलेंडर बघावं. दुसरा आणि चौथा शनिवार सरकारी ऑफिसं बंद असतात, आणि १ नोव्हेंबर तर मुळीच घालू नये, त्या दिवशी राज्योत्सवाची सुट्टी, इकडे मराठी लोकांचा काळा दिवस, सगळी यंत्रणा बंदोबस्तात. सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरतं त्या दिवसांतही, बहुतेक डिसेंबरात, जिल्ह्यातले अधिकारी जागेवर सापडणं अवघड, तेव्हाची मुदत थोडी सैल ठेवलेली बरी.

पोच

हातानं दिलं तर शिक्का, पोस्टानं पाठवलं तर डिलिव्हरीचा पुरावा. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ असं की कायद्यानं पोस्टानं बजावायचा कागद बरोबर पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टर पोस्टानं पाठवला तर तो पोचला असं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. २०२५ मध्ये पोस्टानं रजिस्टर सेवा स्पीड पोस्टमध्ये मिळवली, त्यामुळे जुन्या सवयीनं 'आरपीएडी', म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट, मागणाऱ्यांनी काउंटरवर डिलिव्हरीच्या पुराव्याची सोय आहे का ते विचारून घ्यावं. व्हॉट्सॲपवर पीडीओंना फोटो पाठवून निळी टिक आली म्हणून समाधान मानणारे पुष्कळ आहेत, पण ऑफिसच्या रजिस्टरला त्याची नोंद नसते.

भाषा

राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की कोणालाही आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडे मांडता येतं. त्यामुळे मराठीतलं स्मरणपत्र 'कन्नडमध्ये आणा' म्हणून परत करणं बरोबर नाही. पण उत्तर मराठीत द्यायलाच पाहिजे असं त्या कलमात नाही, हे पण तेवढंच खरं. व्यवहारात लोक मराठी मूळ पत्राला कन्नड प्रत जोडतात आणि चूक होते ती इथेच. डीटीपीवाला कन्नड प्रतीत तारीख चुकवतो, आपल्याला कन्नड नीट वाचता येत नाही, आणि ऑफिस चुकीच्या तारखेचं पत्र शोधत बसतं. आकडे तरी दोन्ही कागदांवर जुळवून बघावेत.

माहिती अधिकारात मात्र ही मोकळीक नाही. २००५ च्या कायद्याचं कलम ६(१) अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायला सांगतं, म्हणजे इथं कन्नड. तेव्हा एकाच माणसाचं स्मरणपत्र मराठीत आणि त्याच विषयाचा आरटीआय कन्नड किंवा इंग्रजीत, असा प्रकार होतो.

कायद्यातलं वजन

नागरिकानं घातलेली मुदत ऑफिसवर बंधनकारक नसते. ती चुकली म्हणून कोणाला दंड होत नाही. मग उपयोग काय, तर तो हायकोर्टातल्या रिट अर्जाच्या वेळी दिसतो. अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणारा आदेश, ज्याला मँडामस म्हणतात, तो मागताना आधी मागणी केली होती आणि ती नाकारली गेली हे सर्वसाधारणपणे दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टानं सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेटच्या १९७४ च्या निकालात हा नियम सांगितला. पण ऑफिस नाकारत नाही, ते गप्प बसतं. ते गप्प बसणं म्हणजे नकार कधी? ठरलेला आकडा नाही, परिस्थिती बघून कोर्ट ठरवतं, आणि तिथं पहिलं पत्र, त्याची पोच, मग तारीख घालून दिलेली पुरेशी मुदत आणि तरीही शांतता अशी साखळी कागदावर असली की वकिलाचं काम सोपं होतं. बेळगाव जिल्ह्याचे असे रिट कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जातात, २००८ मध्ये ते फिरतं खंडपीठ म्हणून सुरू झालं आणि २०१३ पासून कायम आहे, त्याआधी बेंगळुरू गाठावं लागायचं.

याच्या उलट बाजू लोक विसरतात. सुप्रीम कोर्टाच्या एस. एस. राठोर केसमध्ये (१९८९) सात न्यायमूर्तींच्या पीठानं म्हटलं की कायद्यात न सांगितलेले अर्ज पुन्हा पुन्हा करत राहिल्यानं मुदतीचा कायदा लांबत नाही. सी. जेकब (२००८) त्याच्या पुढं जातं: फार जुन्या मागणीवर ऑफिसनं नंतर कधीतरी उत्तर दिलं तरी ती मागणी त्यामुळे ताजी होत नाही. दोन्ही केसेस सरकारी नोकरीतल्या, म्हणून त्या जशाच्या तशा लावू नयेत असं काहींचं म्हणणं, पण वाचणाऱ्यानं सावध बाजू धरलेली बरी. म्हणजे एक चांगलं स्मरणपत्र उपयोगी, आणि सात-आठ स्मरणपत्रं पाठवत तीन वर्षं घालवणं हे स्वतःच्याच केसचं नुकसान. फाइलमध्ये 'अंतिम स्मरणपत्र', मग 'अंतिम स्मरणपत्र २' असे कागद निघाले की पहिल्या मुदतीचा अर्थच उरत नाही.

उत्तर न देणं म्हणजे कबुली का, हा वेगळा प्रश्न आणि तो जास्त खाजगी व्यवहारातला. इंग्लंडच्या वीडेमन विरुद्ध वॉलपोल (१८९१) निकालात नुसतं पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून आतला मजकूर मान्य केला असं होत नाही असं ठरलं, व्यापारी पत्रव्यवहारात मात्र, जिथं उत्तर येणं स्वाभाविक असतं, तिथं वेगळा विचार होऊ शकतो असंही त्यात आलं. त्यामुळे 'उत्तर न आल्यास रक्कम मान्य आहे असे समजू' हे वाक्य बाजारपेठेतल्या अनेक पत्रांत असतं खरं, पण ते लिहिल्यानं आपोआप काही सिद्ध होत नाही.

कुठे लागत नाही

अर्जाच्या पावतीवर कर्नाटक सरकारच्या सकाल या सेवा-हमी योजनेचा जीएससी नंबर असेल तर स्मरणपत्रात वेळ घालवू नये. २०११ च्या त्या कायद्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० पर्यंत भरपाई मागता येते आणि अपिलाची वाट आधीच आखलेली आहे. आरटीआयचंही तसंच, ३० दिवस झाले की थेट पहिलं अपील, आणि ते पुढच्या ३० दिवसांत करायचं असतं. बरेच जण या ३० दिवसांत स्मरणपत्र पाठवून वाट बघतात आणि अपिलाची मुदत घालवून बसतात.

वरच्या खानापूरच्या केसमध्ये २४ सप्टेंबर गेला तर २५ ला दोन कागद निघायला पाहिजेत, ईओंकडे तक्रार, सोबत दोन्ही पत्रांच्या पोचेसहित झेरॉक्स, आणि १० रुपयांचा आरटीआय, ज्यात फक्त एवढंच विचारायचं की या इनवर्ड नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय शेरा पडला आणि फाइल आता कोणाच्या टेबलावर आहे.