आपुलकी आणि सलगी: तीन आठवड्यांच्या ओळखीत वाढदिवसाची शुभेच्छा

ॲपवर किंवा विवाहसंस्थेच्या साइटवर मॅच झालेल्या व्यक्तीशी दोन-तीन आठवडे रोज बोलणं होतं आणि मध्येच तिचा वाढदिवस येतो. अशा वेळी काय लिहायचं, म्हणून माझ्याकडे मसुदे येतात. मित्रांचे येतात, मावसभावाचे येतात, ऑफिसातल्या धाकट्या मंडळींचे येतात. जवळपास प्रत्येक मसुद्यात घोटाळा तोच असतो. लिहायची असते आपुलकी आणि लिहिली जाते सलगी. चूक लक्षात आली की मंडळी इतकी घाबरतात, की दुसरा मसुदा हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा तसा कोरडा होतो.

नुसती शुभेच्छा कशी द्यायची हे सगळ्यांना येतं, त्यामुळे किरकोळ गोष्टी आधी उरकते. रात्री बाराला पाठवली काय आणि सकाळी नऊला पाठवली काय, फरक पडत नाही. मला सकाळ आवडते, कारण बाराचा ठोका घरच्यांचा आणि जुन्या मैत्रिणींचा असतो. इमोजी एखाददुसरा चालेल. फुलांच्या चित्रावर सोनेरी अक्षरं आणि कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव असलेलं कार्ड मात्र नकोच, ते चौकातल्या फ्लेक्सवर शोभतं. सुरुवातीला तिचं नाव, ती स्वतः लिहिते तसं. ‘डिअर’ नको, आणि तिच्या घरचं लाडाचं नाव तुम्हाला कळलं असलं तरी ते वापरू नका.

आता मुख्य मुद्दा. आपुलकी आपल्या मनात असते, ती दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. सलगीचं तसं नाही. जुन्या वळणाच्या मराठीत सलगी ‘देतात’. समोरचा माणूस देतो, मग आपण ती करायची. न देता केली तर त्याला आपण आगाऊपणा म्हणतो. बहुतेकांना वाटतं, की हा फरक मात्रेचा आहे: थोडा गोडवा म्हणजे आपुलकी, जास्त गोडवा म्हणजे सलगी. म्हणून ते विशेषणं कापत बसतात आणि मसुदा तरीही खटकत राहतो. फरक विशेषणांत नसतोच. वाक्य कुणाच्या आयुष्याबद्दल बोलतंय, तिच्या की ‘आपल्या’, तिथे तो असतो.

मावसभावाचाच मसुदा घेते. मुलगी नाशिकची, फिजिओथेरपिस्ट. तीन आठवडे बोलणं चाललेलं, भेट अजून झालेली नाही. त्याने लिहिलं होतं:

‘हॅपी बर्थडे! तुझ्यासारखी व्यक्ती आयुष्यात आली हे माझं भाग्य. तू आता माझ्या दिवसाचा भाग झाली आहेस. कायम अशीच हसत राहा. पुढचा वाढदिवस आपण एकत्र साजरा करू. पार्टी कधी देतेस?’

यात एकही शब्द वाईट नाही आणि मुलगा मनापासून लिहितो आहे. तरी ‘हॅपी बर्थडे’नंतरची पाचही वाक्यं तिच्याकडून काहीतरी मागतात. ‘आयुष्यात आली’ हे तिने अजून ठरवलेलं नाही, ती फक्त चॅटमध्ये आली आहे. ‘माझ्या दिवसाचा भाग’ वाचलं, की उद्या उत्तर द्यायला उशीर झाला तर त्याचा दिवस बिघडेल हे ओझं तिच्यावर येतं. ‘कायम अशीच हसत राहा’ या वाक्यावर माझा जुना राग आहे. ज्याने तिला फोटोबाहेर कधी हसताना पाहिलेलं नाही, त्याने ‘अशीच’ कशाच्या आधारावर म्हणायचं? आणि वाढदिवसाला एखाद्या बाईला हसायची आज्ञा का द्यायची?

सगळ्यात अवघड आहे ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा वगळला जातो, ‘आपण’ म्हटलं की तो आत ओढला जातो. ही सोय मराठीत इतकी अंगवळणी पडली आहे, की ‘आपण’ लिहिताना आपण कुणाच्या वतीने बोलतोय हे ध्यानातच येत नाही. ‘आपण छान गप्पा मारतो’ हे ठीक, कारण ते घडलेलं आहे आणि दोघांनी केलेलं आहे. ‘आपण साजरा करू’ मध्ये मात्र पुढच्या वर्षीचा एक दिवस तिला न विचारता ठरवून टाकलेला असतो. मी सगळ्यांना एकच खूण सांगते: मसुद्यातले ‘आपण’ शोधा आणि त्यापुढचं क्रियापद पाहा. भूतकाळ असला किंवा रोजची गोष्ट असली तर राहू द्या. भविष्यकाळ असला तर काढा.

त्या जागी काय घालायचं, याची तयार सोय आपल्याकडे आहे. होवो, जावो, मिळो, जमो, सुटो. शाळेच्या व्याकरणात हे आशीर्वादाचं रूप आज्ञार्थात शिकवतात, पण ते समोरच्याला काहीच करायला लावत नाही. ‘दिवस छान जावो’ मध्ये जायचं दिवसाने आहे. तुम्ही तिच्यासाठी काहीतरी इच्छिता आणि बाजूला उभे राहता. आपुलकीला अगदी हीच जागा लागते. मला तर वाटतं, की या नात्याच्या या टप्प्यासाठी मराठीत याहून योग्य रूप नाही, आणि लोक ते सोडून ‘लव्ह यू फॉर बीइंग यू’कडे का धावतात हे मला कळत नाही.

पण नुसतं ‘दिवस छान जावो’ कुणालाही लिहिता येतं. ऊब येते ती तपशिलातून. मी मावसभावाला विचारलं, गेल्या तीन आठवड्यांत तिने स्वतःहून, दोनदा तरी, कशाचा विषय काढला? तो म्हणाला, पोहण्याचा. तिने यंदा पोहायला सुरुवात केली आहे, चार फुटांपर्यंत जमतं, डीपमध्ये जायची भीती वाटते, आणि वाढदिवसाच्या महिन्यात ती भीती घालवायचं तिने ठरवलंय. शिवाय वाढदिवसाला सकाळी आजी औक्षण करते आणि शिरा करते, हेही एकदा बोलण्यात आलं होतं. मग मसुदा असा झाला:

‘वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा! सकाळ आजीच्या शिऱ्याने गोड होवो. आणि डीपचं जे ठरवलंयस, ते या वर्षात नक्की जमो. तुझ्याशी बोलायला मला मनापासून आवडतं. दिवस मजेत जावो.’

‘तुझ्याशी बोलायला मला मनापासून आवडतं’ हे वाक्य त्याला काढायचं होतं. जास्त होईल म्हणाला. मी राहू दिलं. ते त्याच्या स्वतःच्या मनाबद्दलचं खरं विधान आहे, तिच्यावर काही लादत नाही, आणि ते नसतं तर ही शुभेच्छा एखाद्या सहकाऱ्याचीही वाटली असती. ‘मला आवडतं’ म्हणणं सलगी नव्हे. ‘तुलाही आवडतं ना?’ जोडलं, की सलगी सुरू होते.

तपशील निवडताना एक कुंपण पाळावं लागतं: तिने सांगितलेलं वापरायचं, तुम्ही शोधलेलं नाही. इन्स्टाग्रामवर मागे मागे जाऊन सापडलेला हंपीचा फोटो, भावाच्या लग्नातली पैठणी, कॉलेजचं गॅदरिंग, यातलं काहीही शुभेच्छेत आलं की तिला पहिल्यांदा जाणवतं ते पाहिलं जाणं. सांगितलेल्यातलंही जड ते वगळा. वडिलांचं आजारपण, मोडलेलं लग्न या गोष्टी तिने विश्वासाने सांगितल्या असतील, पण वाढदिवसाच्या सकाळी ‘हे वर्ष तरी सुखाचं जावो’ वाचून तिला तेच आठवेल.

तारखेचंही तसंच. डेटिंग ॲपवर बहुधा नुसतं वय दिसतं, तेव्हा तारीख तिनेच सांगितलेली असते. स्थळाच्या बायोडेटात मात्र जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ सगळं असतं, आणि ते पत्रिका पाहण्यासाठी दिलेलं असतं. तिथून कळलं असेल तर शुभेच्छा जरूर द्या, पण ‘बायोडेटात तारीख पाहिली होती’ एवढं सरळ लिहा. वयाचा आकडा मात्र लिहू नका. लग्नाच्या बाजारात ‘तीस लागलं’ हे तिने घरात पुरेसं ऐकलेलं असतं.

अहोजाहो चालू असेल तर वाढदिवसाला एकदम ‘तू’वर येऊ नका. तो बदल एखाद्या साध्या मंगळवारी, विचारून करावा. वाढदिवसाच्या दिवशी तिला नाही म्हणणं अवघड जातं, आणि केक पाठवायला घरचा पत्ता मागणंही त्याच कारणाने चूक आहे. ‘पार्टी कधी?’ हा आपल्याकडचा रिवाज आहे हे मला मान्य, पण तो ऑफिसातल्या शेजारच्या टेबलासाठी. इथे तो भेटीचं आमंत्रण होतो, आणि तेही तिच्या खर्चाने. भेटायचं असेल तर चार दिवसांनी स्वतंत्र विचारा.

घाबरून कोरडं लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘आगाऊपणा वाटला तर माफ करा, पण शुभेच्छा द्याव्याशा वाटल्या’ असं लिहू नका. हा विनय वाटतो, पण मग वाढदिवसाच्या दिवशी तिलाच तुमची समजूत काढत ‘नाही हो, तसं काही नाही’ लिहावं लागतं. ती मागणीच झाली.

पाठवल्यावर थांबायचं. दिवसभर तिचा फोन वाजत असतो, त्यामुळे नुसतं ‘थँक यू’ आलं किंवा रात्रीपर्यंत काहीच आलं नाही, तरी त्यातून काही ताडू नये. खूण वेगळीकडे दिसते. तिने तुमच्या तपशिलाला हात लावला, शिऱ्याचा फोटो पाठवला, पुढचं काही सांगितलं, तर आपुलकी पोचली. ‘तू’ म्हणणारी ‘तुम्ही’वर गेली, किंवा पुढचे काही दिवस उत्तरं एकेका शब्दाची होत गेली, तर कुठेतरी सलगी झाली आहे. अशा वेळी खुलासा करणारा दुसरा मेसेज न पाठवता नेहमीच्या विषयावर नेहमीच्या वेगाने बोलावं.

मावसभावाला संध्याकाळी साताला उत्तर आलं. ‘शिरा दोनदा खाल्ला. डीप अजून नाही, पण आज काठ सोडला.’ त्याने विचारलं, काठ सोडल्यावर पहिल्यांदा काय वाटलं. त्यावर तिने बराच वेळ लिहिलं.